सोवळ्यातल्या लोंब्या

वेदपाठशाळेत बारा वर्षे घालवल्यानंतर मी भाताच्या वंशावळी लिहीन, असे माझ्या गुरूंना कधी स्वप्नातही वाटले नसेल. पण नव्वदच्या दशकात इगतपुरीच्या पुढे, घाटमाथ्यावरच्या एका लहान भात केंद्रात (ते आता बंद झाले आहे) माझी लिपिक म्हणून नेमणूक झाली. माझे अक्षर वळणदार होते आणि पिढ्या मोजण्याची मला सवय होती, म्हणून साहेबांनी संकरांची वही माझ्याकडे सोपवली. त्या वहीत प्रत्येक रोपाची माता, पिता आणि पिढी लिहायची असे.

काम एका शास्त्रज्ञ बाईंचे होते. आमच्या भागात एक वाण भरघोस पिके, पण सततच्या पावसात त्याच्या पानांच्या कडा वाळत जात आणि कडाकरपा बघता बघता शेत पिवळे करून टाकी. दुसरे एक वाण दिसायला ओबडधोबड होते, उत्पन्नही बेताचे. मात्र त्याच्यात एका रानभातातून आलेले जनुक होते आणि त्याला करपा शिवत नसे. बाईंना ते एकच जनुक आपल्या वाणात आणायचे होते, बाकी काही नको होते.

त्यासाठी पहिल्या संकराचे रोप पुन्हा आपल्याच वाणाशी जोडायचे, त्याची संतती पुन्हा त्याच वाणाशी, आणि असेच पुढे. पहिली नोंद करतानाच माझी लेखणी थांबली.

"बाई, ही तर बापाशी लेकीची सोयरीक झाली. पुढच्या वर्षी नातीची, तीही त्याच्याशीच!"

"हो, गुरुजी. दर वेळी परक्याचा वाटा सरासरीने निम्मा होतो. अर्धा, मग पाव, मग रुपयात दोन आणे, मग एक आणा."

"आमच्याकडे पित्याकडून सातव्या पुरुषापाशी सपिंडता, म्हणजे लग्नाला आड येणारे नाते, संपते."

"माझ्याकडे सात पिढ्यांचा वेळ नाही. योजना चारच वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून पानांची परीक्षा करते."

ती परीक्षा मला पुढे फार आवडली. रोप वीतभर झाले की पानाचा तुकडा बर्फाच्या डब्यात घालून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. त्यातल्या गुणद्रव्याचा, म्हणजे डीएनएचा, एक ठरावीक भाग वाढवून विजेच्या प्रवाहाने जेलच्या पातळ थरातून पळवला की रेघा उमटत. आपल्या वाणाची एक रेघ, रानभाताकडच्या जनुकाची त्याहून वेगळी. संकराच्या रोपाला दोन्ही रेघा दिसल्या, तर जनुक त्याच्यात आले. साधारण निम्म्या रोपांत ते येई. उरलेली काढून टाकायची. आलेल्यांतही परक्याचा इतर वाटा कुणात कमी राहिला, ते आणखी खुणांनी पाहायचे. करपा पडण्याची वाट पाहावी लागत नसे, आणि पिढ्याही वाचत.

चौथ्या, म्हणजे योजनेच्या शेवटच्या वर्षी आपल्या वाणाशी तिसऱ्या वेळचा संकर होता. दोन रोपे निवडली होती, चार नंबर आणि नऊ नंबर. आपल्या वाणाच्या लोंब्यांपाशी संध्याकाळी बसून बाई प्रत्येक फुलाचे तूस वरून कात्रीने छाटत, चिमट्याने सहाही परागकोश काढत आणि लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवत. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास चार किंवा नऊ नंबरचे पराग त्यावर झटकायचे, पिशवी पुन्हा चढवायची आणि पित्याचा नंबर पिशवीवर लिहायचा. अशा सहा लोंब्या तयार झाल्या. चार वर्षांचे काम त्या सहा लोंब्यांत होते.

निंदणीच्या बायकांनी तिथे हात लावू नये, ही जबाबदारी माझी. जनुक, पराग हे सारे सांगत बसण्यापेक्षा मी त्यांना समजेल असे सांगितले, "मावश्यांनो, पिशवीतल्या लोंब्या सोवळ्यात आहेत. त्यांना कुणाचा वारासुद्धा लागता कामा नये."

"लय कडक सोवळं हाय का, गुरुजी?" त्यांच्यातल्या थोरल्या मावशींनी विचारले.

"माझ्याहून कडक," मी म्हणालो. सगळ्या हसल्या आणि खरोखरच कुणीही तिकडे फिरकले नाही. मला स्वतःचे कौतुक वाटले.

दसऱ्याच्या सकाळी मी केंद्रात आलो तेव्हा कार्यालयाच्या दाराला तोरण झळकत होते. आंब्याची पाने, झेंडू, कुरडूचे तुरे आणि नव्या भाताच्या लोंब्या. आमच्याकडे नवे असे दारावर बांधतात. मी हात जोडले, मान वर केली, आणि छाटलेली तुसे दिसली.

बाई मागोमाग आल्या. त्यांनी तोरण पाहिले आणि पायरीवरच बसल्या.

"मावशी," मी विचारले, "या लोंब्या कुठल्या?"

"पिशवीतल्या," मावशी अभिमानाने म्हणाल्या. "देवाला दुसरं काय चालंल? समद्या शेतात सोवळ्यातलं तेवढंच व्हतं. न्हाऊन, ओलेत्यानं तोडल्यात. पिशव्या तेवढ्या चुलीत घातल्या."

त्यांच्या तर्कात मला एकही दोष काढता येईना. तो माझाच तर्क होता.

बाई स्टूल घेऊन आल्या, तशा मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "देवाला वाहिलेलं परत घ्यायाचं? अवो बाई, तुमी शिकलेल्या ना! गुरुजी, तुमीच सांगा."

साहेब बाहेर आले. सगळे ऐकून त्यांनी गंभीरपणे विचारले, "तोरण उतरवायला वरिष्ठांची परवानगी लागेल का?" तेवढ्यात एक चिमणी तोरणावर उतरली आणि तिने चार वर्षांतला एक दाणा उचलला.

बाई ओरडल्या, "गुरुजी, काहीतरी करा!"

मी आचमन केले. ज्या देवतेचे आवाहन होते तिचे विसर्जनही होते, हे मावशींना मान्य होते. मी कार्यालयाच्या दाराची उत्तरपूजा मांडली. साहेबांनी जोडे काढले. मी मंत्र म्हणत होतो आणि मावशी चिमणीला पदराने हाकत होत्या. शेवटी अक्षता टाकून मी म्हणालो, "देव गेले. आता हा प्रसाद."

"प्रसाद खायाचा असतो," मावशी म्हणाल्या.

"हा पेरायचा आहे," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर चढल्या.

छाटलेल्या तुसांमुळे आमच्या लोंब्या इतर लोंब्यांतून ओळखता आल्या. अर्धवट उघड्या तुसातून दाणे डोकावत होते. बाईंनी ते चिमट्याने एकेक वेचले. सतरा निघाले. पण पिशव्या चुलीत गेल्याने कोणता दाणा चार नंबरचा आणि कोणता नऊ नंबरचा, हे कुणालाच सांगता येईना. मी वही उघडून बसलो होतो. पित्याचा रकाना तसाच रिकामा ठेवणे माझ्या हाताला जमेना.

"राहू द्या रिकामा," बाई म्हणाल्या. "रोपे बोलतील."

उन्हाळ्यात पाटाच्या पाण्यावर ते दाणे लावले. अकरा उगवले. पानांचे तुकडे गेले आणि आठवड्याने फोन आला. पाच रोपांत दोन्ही रेघा होत्या. त्यांतल्या दोघांत परक्याचा वाटा एका आण्यापेक्षाही कमी उरला होता. चार नंबर की नऊ नंबर, हे जेलने विचारलेसुद्धा नाही. योजना एका वर्षाने वाढली. त्या दोन रोपांचे बी त्यांच्याच परागांवर धरले आणि पुढच्या पिढीत ज्यांना रानभाताकडचीच एक रेघ होती, तेवढी ठेवली. करप्याच्या जिवाणूत बुडवलेल्या कात्रीने बाईंनी त्यांची पाने कापली. पाने हिरवी राहिली.

ती वही मी निवृत्त होताना सुपूर्द केली. त्या ओळीत माता लिहिली आहे, पिढी लिहिली आहे. पित्याच्या रकान्यात मी, पुष्कळ विचार करून, "चार अथवा नऊ" असे लिहिले, आणि शेऱ्यात "देवास वाहून परत घेतले." साहेबांनी तो शेरा खोडायला सांगितला होता. मी वहीत खाडाखोड करत नसे.

त्या तोरणानंतरच्या पुढच्याच दसऱ्याला मावशी शेताच्या बांधावर उभ्या राहून मला हाका मारत होत्या. "गुरुजी, यंदा कुठली तोडू? आधी नीट सांगा!"

मी बाईंकडे पाहिले. बाईंनी स्वतः उतरून नव्या रोपांच्या वाफ्यातली कडेची एक लोंबी तोडली आणि मावशींच्या ओंजळीत ठेवली. तिची तुसे अखंड होती.