मेलमधून काढलेलं नाव

मी ब्रह्मपुरीतल्या आमच्या संस्थेच्या ऑफिसातून एकाच मेलमध्ये दोघांची ओळख करून दिली. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला जंगलचा मध हवा होता आणि गडचिरोलीतल्या एका ग्रामसभेकडे तो होता. ‘तुम्ही दोघं थेट बोला,’ असं मी लिहिलं.

व्यापाऱ्यानं उत्तर फक्त ग्रामसभेच्या सचिवांना पाठवलं. ‘बाईंना आता त्रास नको,’ म्हणून माझं नाव वगळलं. सचिवभाऊंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं. माझं डोकंच फिरलं. काम झालं, की मधला माणूस नको!

“बाई,” भाऊ म्हणाले, “ज्यानं ओळख करून देल्ली, त्यालेच पयल्या मेलात काढलं. आमाले केव्हा काढन?”

असे ‘त्रास नको’ म्हणत कुणाचं तरी नाव वगळलेले मेल मीही पाठवते.