सुलाबाईचं चुन्याचं मडकं आणि पानाचा भाव

माणिकराव आणि सुलाबाई यांची पहिली भेट झाली तेव्हा माणिकरावाचा उजवा पाय घोट्यापर्यंत सुलाबाईच्या चुन्याच्या मडक्यात होता.

बोरीच्या बाजारात नवीन दुकान थाटायचं म्हणून तो सुपारीचं पोतं डोक्यावर घेऊन मोठ्या ऐटीत निघाला होता. डोक्यावर पोतं असलेल्या माणसाला खालचं दिसत नाही, आणि खाली सुलाबाई बसलेली होती. मडकं फुटलं. त्यानंतर सुलाबाईने जो आवाज काढला तो ऐकून म्हणे जिंतूरकडे निघालेली एस्टी आपोआप थांबली, कंडक्टरने न विचारता सगळ्यांना तिकिटं दिली, कोंबडेवाल्याचे तेरा कोंबडे भरदुपारी आरवले आणि लिंबाखाली झोपलेला एक म्हातारा उठून घरी निघून गेला, तो सहा महिने बाजाराला आलाच नाही. बोरीची माणसं हे सगळं शपथेवर सांगतात. त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी आवाज मोठा होता.

"दिसत न्हाई का रे, मुडद्या? डोळे काय सुपारीच्या पोत्यात ठिवलेस?"

"ए बाई, रस्त्यात कामून बसलीस?"

"रस्ता? आठ वर्सं झाली इथं बसायलेय. तू कालचा! आन् उभा काय ऱ्हायलास? पाय भाजंल की!"

असं म्हणून तिने पिण्याच्या पाण्याची अख्खी घागर त्याच्या पायावर ओतली, पदराने पाय पुसला, शेजारच्या तेलवाल्याकडून न विचारता पळीभर तेल घेऊन चोळलं, आणि हे सगळं करताना शिव्या एक क्षणभरही थांबवल्या नाहीत. माणिकराव त्या दिवशी एका पांढऱ्या पायाने दुकानात बसला. गिऱ्हाईक सुपारी कमी आणि पाय जास्त बघत होतं.

हा माणिकराव पाथरीकडच्या शेतकरी घरातला धाकटा. नांगराच्या मागे चालायचा त्याला मनस्वी कंटाळा. वडील तात्याराव यांनी एकदाच रक्कम हातावर ठेवली होती आणि सांगितलं होतं, "दसऱ्यापर्यंत दुकान चाललं तर चाललं. न्हाई तर गुमान घरी यायचं आन् थोरल्याच्या हाताखाली औत धरायचं." थोरल्याचा स्वभाव असा की बैलही त्याच्याकडे बघायला कचरत. तेव्हा माणिकरावाच्या दृष्टीने दुकान म्हणजे धंदा नव्हता, सुटका होती. दुकानात माल सुपारी, कात, तंबाखू, लवंग, वेलदोडे. पान खाणाऱ्याला जे जे लागतं ते सगळं. पानं तेवढी समोरच्या पानवाल्याकडे, आणि चुना सुलाबाईकडे.

सुलाबाई पन्नाशीची, बौद्धवाड्यातली, नवऱ्याच्या मागे एकटीने घर चालवणारी. जिंतूरहून कळीचा चुना आणायची, घरी डेऱ्यात पाणी घालून विरवायची आणि फडक्यातून गाळून लोण्यासारखा करायची. तिच्या चुन्याने कुणाचं तोंड पोळलं असं बोरीत आजवर घडलेलं नाही. तिच्या बोलण्याने मात्र पोळलेले पुष्कळ. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बाजारात कोण काय खातो, किती खातो आणि कधी सोडतो हे तिला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं.

पंचाहत्तर साली उन्हाळ्याच्या तोंडाशी पानमळ्यांवर मर पडली. वेली उभ्या उभ्या वाळल्या. रुपयाला शंभर मिळणारी पानं तीन रुपयांवर गेली. बोरीत हाहाकार उडाला. ज्यांनी पोरीच्या लग्नात डोळ्यातून टिपूस काढला नव्हता ते पानवाल्यासमोर रडवेले झाले.

माणिकरावाला मात्र आनंदाने झोप लागेना. त्याचा हिशेब सरळ होता. पान, कात, सुपारी, चुना हे एकाच विड्यातले भाऊबंद. पान महागलं, म्हणजे आता कातही महागणार. आज भरून ठेवावा, दसऱ्याला दामदुपटीने विकावा आणि तात्यारावांच्या पुढ्यात छाती काढून उभं राहावं. एवढ्यात परभणीचा व्यापारी चंद्रभान चार पोती कात घेऊन बोरीत हजर झाला.

"माणिकराव, मौका हाय. पान बघा कुठं गेलंय! कात भडकणारच. चारी पोती घ्या, दुसऱ्याला दाखवत बी न्हाई."

माणिकरावाने उरलेली सगळी रक्कम कनवटीला लावली आणि निघाला. वाटेत सुलाबाई. या वेळी मात्र तो खाली बघून चालत होता.

"कुठं चाललास एवढा नटून?"

"कात घ्यायलोय. चार पोती."

"खातोस का काय?"

"विकणार हाय, सुलाबाई. पान महागलं, आता कात बी..."

"इथं बस," ती म्हणाली. "खामखा बोलू नको. दुपारपर्यंत निस्ता बस आन् मी काय बगतेय ते बग."

माणिकराव बसला. सुलाबाईला नाही म्हणायचं धाडस तेव्हा बोरीत फक्त एका बैलात होतं. पहिली गोष्ट त्याच्या ध्यानात आली ती ही, की सुलाबाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाही. ती त्याच्या हाताकडे बघते. चुना कशात न्यायला आलाय, एवढंच.

पान खाणारा माणूस पानाच्या टोकावर चुना घ्यायचा, किंवा चंचीतली जुनी डबी पुढे करायचा. असे त्या सकाळी नऊच आले. एरवी तीस-चाळीस तरी यायचे. बाकीचे आले ते अजब सामान घेऊन. एकजण औषधाच्या बाटलीचं बूच घेऊन आला. एकाने वर्तमानपत्राचा कपटा पुढे केला, त्यातून चुना ओघळून त्याच्या धोतरावर गेला. एका शाळामास्तराने बुटाच्या पॉलिशची डबी आणली होती, तिच्यात चुना काळा पडला. पोलीसपाटील तर चिलमीचं फुटकं तोंड घेऊन उभे, आणि कुणी बघू नये म्हणून तोंड दुसरीकडे.

"हे सारे पान खाणारे ना?" माणिकराव म्हणाला.

"होते. आता तंबाखू मळायलेत. पान परवडंना, तोंडाला तर कायतरी लागतंच. तंबाखूला चुना लागतो, म्हणून माझ्याकडं येतेत. कात लागतो का तंबाखूला?"

माणिकरावाने कनवटीची रक्कम चाचपली.

"लागतो का? बोल की!"

"न्हाई."

"मग चार पोती कात काय मुंग्यांना घालतोस? अरे, कात पानाचा सोबती. पान घरात बसलं की त्यो बी घरात बसतो. तू म्हनतोस, पान महागलं म्हणून कात बी महागंल. महाग व्हायला घेणारा तर पायजे!"

"आन् सुपारी?"

"थोडी कमी खपंल. तंबाखूवाले बी खांड टाकतेत तोंडात, म्हणून बिलकुल बसणार न्हाई."

"आन् तुमचा चुना?"

"माझा चुना दोन्ही घरचा पाव्हणा." सुलाबाईने मडक्यावर थाप मारली. "पानवाला गेला, तंबाखूवाला आला. तेवढाच खपतोय. आता ह्या लोकांच्या हातातली बुचं बग आन् तूच सांग, यांना काय पायजे?"

माणिकराव बुचाकडे बघत राहिला. मग पॉलिशच्या डबीकडे. आणि मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याचा चेहरा असा काही उजळला की सुलाबाई म्हणाली, "भाजलं का काय कुठं?"

त्याने कात नको सांगून चंद्रभानला रामराम केला. चंद्रभान म्हणाला, "पस्तावाल." माणिकराव पहिल्या एस्टीने परभणीला गेला आणि भांडेबाजारातून दोनतोंडी डब्या घेऊन आला. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना, मध्ये पत्रा, खिशात मावतील अशा. दोनशे डब्या, आणि उरलेल्या पैशांची तंबाखू.

पुढच्या बाजारी सुलाबाई प्रत्येक गिऱ्हाइकाला चुना देण्याआधी दरडावायची, "बुचात देणार न्हाई. जा, माणिकरावकडून डबी आन." पोलीसपाटलांनी चिलमीचं तोंड खिशात लपवलं आणि दोन डब्या घेतल्या, एक स्वतःला, एक साहेबाला. तिसऱ्या बाजारापर्यंत दोनशे डब्या संपल्या, आणखी आणाव्या लागल्या. तंबाखू तर माणिकराव आणतोय आणि संपतेय. आषाढात चंद्रभान पुन्हा बोरीत आला. तीच चार पोती, भाव पहिल्यापेक्षा खाली. आणखी महिन्याने आला, आणखी खाली. पोत्यांना बोरीचा रस्ता पाठ झाला.

दसऱ्याला तात्याराव स्वतः आले. दुकानातली गर्दी बघितली, पोराच्या हातची डबी उलटीपालटी करून बघितली.

"ही अक्कल कुठून आली?"

"चुन्यातून," माणिकराव म्हणाला, आणि समोर बोट दाखवलं. "मावशीकडून."

तात्यारावांनी सुलाबाईला हात जोडले. सुलाबाई म्हणाली, "पाय सांबाळा, मडकं हाय."

त्याच्या पुढच्या वर्षी नव्या वेली धरल्या. पानं उतरायला लागली. तिनाचा भाव दोनावर आला. त्याच दिवशी सुलाबाईने माणिकरावाला हाक मारली. "डब्या आणणं बंद. आता चंद्रभानला बोलीव."

"अजून पान दोनावर हाय, मावशी. रुपयावर येऊ द्या की."

"रुपयावर आल्यावर कात तुला ह्या भावात देतोय का त्यो? लोकं पानाकडं वळायलेत. माझ्याकडं कालपासून पानाची टोकं यायलीत."

नको झालेल्या पाहुण्यांना निरोप द्यावा तशी चंद्रभानने ती चारही पोती माणिकरावाला मातीमोलाने देऊन टाकली. दोन महिन्यांनी पान रुपयावर आलं, विडे रंगले, आणि बोरीच्या भिंती पुन्हा पहिल्यासारख्या लाल झाल्या. कात चढ्या भावाने खपला. तंबाखूला चटावलेली सगळीच मंडळी काही पानाकडे परतली नाहीत, हे खरं. शाळामास्तर दोन्ही खायला लागला. पण डब्या मात्र विकायच्या थांबल्या, कारण ज्याला हवी त्याच्याकडे एक होती, आणि डबी काही झिजत नाही. माणिकरावाकडे उरल्या त्या फक्त सहा.

तेव्हापासून बाजारात कुठल्याही मालाचा भाव हलला की माणिकराव आधी मडक्यापाशी जाऊन बसायचा. रॉकेल महागलं तेव्हा त्याने कंदिलाच्या काचा आणल्या नाहीत आणि दिव्यांसाठी एरंडीचं तेल आणलं, ते तिच्याच शब्दावर. सावकारांच्या गाद्यांवर बसणारी, चष्मे लावून वह्या उघडणारी माणसं जे सांगू शकली नाहीत ते ही बाई लोकांच्या हाताकडे बघून सांगायची. या सल्ल्याबद्दल तिने कधी सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. घेऊन करणार काय? तिने आयुष्यात ना पान खाल्लं, ना तंबाखू. "चुना इकणाऱ्यानं चुना खाऊ नये," म्हणायची, "मग दुसऱ्याच्या हाताकडं ध्यान ऱ्हात न्हाई."

काही वर्षांनी चंद्रभान नवा माल घेऊन आला. ट्यूबमधला तयार चुना. गाळायला नको, सांडायला नको, किंमत थोडकी. माणिकराव ट्यूब हातात घेऊन तिच्याकडे गेला. त्याने ती मडक्याशेजारी ठेवली.

सुलाबाईने ट्यूब दाबून चुना बोटावर घेतला, चोळून बघितला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "ठिव दुकानात. तू न्हाई ठिवला तर दुसरा ठिवंल."

माणिकरावाने ट्यूबा ठेवल्या. तीन महिन्यांनी सुलाबाईने बाजारात बसणं बंद केलं.