देवबागच्या वाळूवरचं न्यूझीलंड

पत्रिकेतला चंद्र पाहून चंद्रावतीबाईंनी पुतणीचं, उर्वशीचं लग्न मोडलं, अशी गावभर बोंब. साफ खोटं. चंद्र होता, पण फोटोतला.

विराज स्वतःला जहाजावरचा ऑफिसर म्हणवायचा. कॉलर ताठ, अक्कल सैल. आईसोबत मुलगी पाहायला आला आणि फोटोच पुढे केला: समुद्र, तो आणि वर चंद्रकोर.

"नाताळातली संध्याकाळ. न्यूझीलंडचं दक्षिण टोक!"

बाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. त्यांनी चष्मा पुसला. तिकडे संध्याकाळी कोरीची डावी कड उजळ असते, कोर तिरकी उभी दिसते. ही तर होडीसारखी आडवी, उजळ कड खाली, जराशी उजवीकडे. आडवी म्हणजे विषुववृत्ताजवळची. उजवीकडे कललेली म्हणजे उत्तर गोलार्धातली. थोडक्यात, इथलीच.

"संध्याकाळच ना रे?" पहाटेच्या कोरीची उजळ कड उलट बाजूला असते, म्हणून बाईंनी खात्री केली.

"होय तर! सूर्य नुकतोच बुडलेलो."

बाईंनी कागदावर तिकडची आणि फोटोतली, दोन्ही कोरी काढल्या. फोटो इथल्याच देवबागच्या वाळूवर काढलाय, हे विराज कबूल करून बसला.

"एका फोटोपायी स्थळ मोडतास?" त्याची आई फणकारली.

बाई म्हणाल्या, "देवबागचो चंद्र न्यूझीलंडात नेऊन टांगणारो जावय माका नको."