दोघांचं खातं, एकाचं कर्ज

मार्चमध्ये बँकेत माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. त्यात माझा स्वभाव मुळातच तिखट, त्यामुळे त्या दिवसांत माझ्या टेबलाकडे कोणी फिरकतच नसे. चेक पास करणं हे माझं काम. त्या दिवशी स्क्रीनवर कर्वेनगरच्या मेसवाल्या बाईंचा चेक लाल होऊन आला: शिल्लक अपुरी.

अपुरी कशी असेल? बाई दर महिन्याच्या सुरुवातीला पोरांच्या मेसचे पैसे भरायच्या, आणि भरताना हमखास मला विचारायच्या, "अहो मॅडम, जेवता की नाही?" जुन्या जागेतून त्यांना निघायला सांगितलं होतं. नवी जागा कॉलेजजवळच मिळत होती. तिच्या डिपॉझिटचा हा चेक. जागामालकाने बजावलं होतं, चेक वटला तर किल्ली, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. हे त्यांनी मला आदल्याच आठवड्यात काउंटरवर सांगितलं होतं. चेक परत गेला की मेस बंद, इतकं सरळ होतं ते.

मी खातं उघडलं. पैसे होते हो! पण त्यांच्यावर लिएन लागलेला, म्हणजे शिल्लक अडकवून ठेवलेली. बाईंच्या नवऱ्याने टेंपोसाठी कर्ज घेतलं होतं आणि तीन हप्ते थकवले होते. वसुलीच्या घाईत आमच्या मॅनेजर साहेबांनी त्याच्या ग्राहक क्रमांकावरच लिएन टाकला होता. त्या क्रमांकाखाली जेवढी खाती, तेवढी सगळी एका बटणात गोठली. मेसचं खातं दोघांच्या नावावर होतं, तेही त्यात गेलं.

माझं डोकंच फिरलं. एकीकडे चेक परत करायची वेळ जवळ येत होती, दुसरीकडे साहेब फोनवर. मी त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहिले, टेबलाशी परत आले, पुन्हा गेले. बसवेना.

"साहेब, हा लिएन काढा."

"का? त्याचं नाव आहे ना खात्यावर?"

"नाव दोघांचं आहे. कर्ज त्याच्या एकट्याचं. कर्जाच्या कागदांवर बाईंची सही नाही, त्या जामीनही नाहीत."

"आपला हक्क आहे मॅडम, बँकर्स लिएन."

"लिएन आपल्याकडे ठेवलेल्या ग्राहकाच्या वस्तूंवर, कागदांवर. ठेव म्हणजे आपणच त्यांचं देणं लागतो. तिथे होतो तो सेट-ऑफ, म्हणजे आपलं येणं त्याच्या ठेवीतून वळतं करणं. त्याला दोन्हीकडे माणूस तोच लागतो. याच्या एकट्याच्या खात्यातून खुशाल वळते करा, मी आड येणार नाही."

"त्याच्या खात्यात चारशे रुपये आहेत."

"मग चारशे वळते करा."

साहेबांनी चष्मा काढला. "वसुलीचं वरच्यांना तुम्ही सांगणार?"

"आणि कोर्टात तुम्ही सांगणार? खात्यात पैसे असताना चेक परत केला, तर होणारं नुकसान बँकेने भरायचं असतं. मेस बुडाली तर ती कितीला बुडाली, याचा हिशेब बाईंचा वकील करेल."

त्यांनी कर्जाची फाइल ओढून सह्या पाहिल्या. मग त्यांनी स्वतः लिएन उठवला आणि म्हणाले, "घ्या. लोकांची बाजू घ्यायला बँकेने तुम्हाला पगार द्यावा, कमाल आहे." मी धावत जाऊन चेक पास केला. वेळेत झाला. इतका आनंद झाला की आयुष्यात पहिल्यांदा मी वसुलीवाल्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या. हाताला कणीक तशीच. मला वाटलं, पेढे आणले असतील.

"किल्ली मिळाली मॅडम," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "खात्यातलं उरलेलं बघा जरा. उद्या किराणा भरायचाय."

मी बघितलं. त्या सकाळी आमच्या धायरीच्या शाखेतून नवऱ्याने उरलेली सगळी रक्कम काढली होती. खात्यावर दोघांपैकी कोणाही एकाची सही चालत होती. शाखेने नियमानेच पैसे दिले होते. मी बाईंना तसं सांगितलं.

"आठवडाभर तो रोज एटीएममध्ये कार्ड घालून बघत होता," बाई म्हणाल्या. "रोज चिडून घरी यायचा. बँकेने अडकवलंय म्हणायचा. मला बरं वाटायचं हो. म्हटलं, माझा चेक जाईल आणि बाकीचे तरी राहतील."

अडकवलेल्या पैशांतून चेकही गेला नसता, हे मी त्यांना सांगितलं नाही. एक कोरा कागद पुढे केला. "यापुढे दोघांच्या सहीशिवाय पैसे देऊ नयेत, एवढं लिहून द्या. तुम्ही एकट्यांनी लिहिलं तरी चालतं."

त्यांनी लिहिलं, सही केली. मग विचारलं, "म्हणजे आता किराण्यालाही त्याची सही लागणार?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी कागद ओढून घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि संध्याकाळच्या पोळ्या राहिल्यात म्हणत उठल्या.