वहिनीचं प्रोफाइल

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तो माणूस तसा मऊ. पण त्या रविवारी सामना ऐन रंगात आला आणि टीव्हीवर पाटी आली: एकाच वेळी जास्त जण पाहत आहेत. ॲपचा प्लॅन त्याच्या नावावर, एका वेळी चालायचे दोनच पडदे. एक त्याचा, दुसरा मुलीचा मोबाईल. मग तिसरा कोण? पासवर्ड वेगळं राहणाऱ्या थोरल्या भावाकडेही होता.

"दादाच," तो बायकोला म्हणाला. "फोन करायला वेळ नाही आणि दिवसभर हे बघायला आहे."

"अहो, आधी विचारा तरी."

त्याने विचारलं नाही. खात्याचं पान उघडलं. साइन-इन केलेल्या उपकरणांच्या यादीत दादाकडचा टीव्ही होता, जुना टॅबही होता. दोन्ही साइन आउट केले. मग 'दादा' नावाचं प्रोफाइल पुसायला घेतलं. पाहिलेलं सगळं कायमचं जाईल, अशी सूचना आली. त्याने 'हो' दाबलं. परत शिरता येऊ नये म्हणून पासवर्डही बदलला. एवढं करेपर्यंत सामना संपला होता.

चौथ्या दिवशी दादाचा फोन आला.

"अरे, ते सुरूच होत नाही. तुझ्या वहिनीला करमेना झालंय. माकडहाड मोडलंय ना तिचं, दीड महिना अंथरुणाला खिळून आहे."

"मला बोलला नाहीस?"

"तू दुकानात असतोस. उगाच जीवाला घोर कशाला?"

हातातली काच त्याने खाली ठेवली. काम शिकत होता तेव्हा दोन वर्षं याच वहिनीने त्याला डबा दिला होता. तिच्याकडे शेवटचं कधी गेलो, हे त्याला आठवेना.

संध्याकाळी तो गेला. पलंगासमोरच्या टीव्हीवर रिमोटने एकेक अक्षर शोधत नवा पासवर्ड टाकला, नवं प्रोफाइल केलं. यादी अर्थात कोरी होती.

"माझी मालिका कुठे गेली रे?" वहिनी म्हणाली. "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं बघ. ह्यांना म्हटलं, भावजींचं काही बिघडवलं तर नाही ना मी? चार दिवस रिमोटला हात नाही लावला."

तो मान खाली घालून रिमोटची बटणं दाबत राहिला. दादा दाराशी उभा होता. त्याच्या लक्षात आलं असावं, पण तो पाणी आणायला आत गेला.

"वहिनी, मीच काढलं. रागाच्या भरात."

"मग एक फोन करायचास की," ती म्हणाली, आणि अंगावरची चादर नीट करू लागली.

कितवा भाग होता ते तिला सांगता येत नव्हतं. "सासू घर सोडून जाते, तिथपर्यंत." एकेक भाग उघडून बघत ते दोघं सव्विसाव्यापाशी पोहोचले. मग वहिनी पुढचं पाहू लागली. तो मात्र पडद्याकडेही बघू शकला नाही, तिच्याकडेही नाही.

त्याने महागडा, चार पडद्यांचा प्लॅन घेतला. सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊ लागला. वहिनी पूर्वीसारखीच बोलते, चहा घे म्हणते. फक्त मालिका लावण्याआधी एकदा विचारते, "लावू ना रे?"