धाकट्या जावेनं नंबरावरून काढलेली कंपनी

माझी धाकटी जाऊ कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयात जुन्या फायलींच्या दालनात काम करते. घरात सगळे तिला ‘दप्तर’ म्हणतात. उजव्या अंगठ्याला रबरी टोपी, मनगटावर पुरुषी घड्याळ. स्वयंपाकाला उभी राहिली तर मिठाचा अंदाज नाही, देवापुढे दिवा लावायचा तर काडेपेटी कुठे असते हे विचारणार. आणि तरीही घरात काही अडलं की चौघांच्या तोंडी एकच वाक्य, “तिला विचारा.” माझं पित्त तिथेच खवळतं. हे देवाला ठाऊक आहे, म्हणून या वहीत लपवण्यात अर्थ नाही.

यंदा अडलं ते यांच्या छातीत. खोकल्यासाठी फोटो काढला, तर उजव्या बाजूला वाटाण्याएवढा डाग. डॉक्टर म्हणाले, “जुना एक्स-रे आणा. डाग तेव्हाही एवढाच असेल, तर बुजलेल्या जखमेची खूण आहे, हात लावायचा नाही. नसेल, तर छाती उघडून बघावं लागेल.” तीन आठवड्यांनंतरची तारीखही लिहून दिली.

हे तरुणपणी नऊ वर्षं फरशीच्या कारखान्यात घासकामाला होते. धुळीचं काम, म्हणून दरवर्षी कंपनी छातीचा फोटो काढायची आणि स्वतःकडे ठेवायची. नोकरी सोडून अठरा वर्षं झाली. कारखान्याच्या जागी आता चार मजली घरं उभी आहेत.

हे म्हणाले, “दप्तरला विचारू. तिचं रोजचंच काम आहे.”

“प्रत्येक गोष्टीत तीच कशाला?” मी म्हटलं. “कंपनीचं नाव आपल्याला पाठ आहे. मी शोधते.”

आणि शोधलीसुद्धा! त्याच नावाची कंपनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या इमारतीत. दोन बस बदलून गेले. स्वागताच्या मुलीनं अर्ज घेतला, शिक्का मारला. परतताना मी मनातल्या मनात जावेला सांगत होते, ‘बघ, झालं की नाही तुझ्याशिवाय?’ देवापुढेही त्या दिवशी जरा जास्तच वेळ बसले. आठ दिवसांनी पत्र आलं: या नावाच्या कामगाराची आमच्याकडे कोणतीही नोंद नाही.

पत्र हातात घेऊन हे खुर्चीत बसले ते बसलेच. मग मला न विचारता फोन उचलला.

जाऊ कार्यालयातून परस्पर आली, चपला दारात तशाच फेकून. पत्र वाचलं आणि पहिला प्रश्न मला, “ताई, या कंपनीची जन्मतारीख बघितलीत?”

“कंपनीला कसली आलीय जन्मतारीख?”

“असते ना. ही जन्मली अकरा वर्षांपूर्वी. दादांनी नोकरी सोडून अठरा झाली. ही ती नव्हेच, हिनं नुसतं नाव घेतलंय.” माझा चेहरा बघून ती हसली. “असं बघा, लग्नात तुमचं नाव बदललं. आता दुसऱ्या कुणी मुलीनं तुमचं माहेरचं नाव लावलं, तर तुमचा शाळेचा दाखला तिच्या घरी सापडेल का?”

हे खो-खो हसले. किती दिवसांनी! मीच त्यांना हसवायला हवं होतं.

“दादांचं नेमणूकपत्र आहे का?”

ते मात्र माझ्याकडे होतं. ट्रंकेत, माझ्या हातानं घडी घातलेलं. तिनं अक्षरही न वाचता ते उजेडाकडे धरलं आणि तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. “हा नोंदणी क्रमांक. नाव दहादा बदलू दे, हा बदलत नाही. आम्ही नावानं नाही, नंबरानं शोधतो.”

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत मी गेले. यांनी जायचं म्हटलं, तर मी म्हटलं, तुम्ही जिने चढायचे नाहीत. खरं कारण, ते तिच्या कौतुकात दिवसभर बसले असते.

लांबच लांब दालन, लोखंडी मांडण्या, कागदाचा उबट वास. तिथे ती घरच्यापेक्षा उंच दिसत होती. शिपाई, वकील, सगळे “बाई, जरा बघता का” म्हणत तिच्यामागे. नंबर टाकून तिनं फाईल काढली आणि अंगठ्याच्या टोपीनं पानं सर्रसर्र उलटली.

“हे बघा, पंधरा वर्षांपूर्वी नाव बदलल्याचं प्रमाणपत्र. नंबर तोच. आणि हे बारा वर्षांपूर्वीचं, शेवटचं पान. कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. इथे हिचा नंबर संपला.”

“म्हणजे गेली?” मी विचारलं.

“गेली, पण सासरी गेली. दागिने, भांडी, दप्तर, सगळं घेऊन. विलीनीकरणाच्या आदेशात लिहिलंय.” तिनं मोठ्या कंपनीचा नंबर उतरवून घेतला, दुसरी फाईल मागवली. “आणि या सासूबाईंनीही तीन वर्षांपूर्वी नवं नाव घेतलंय. हा आजचा पत्ता.”

अर्ध्या तासात! मी आठ दिवस घालवले होते. ती एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

अर्ज तिनंच लिहिला: दोन्ही कंपन्यांची मिळून चारही नावं, दोन्ही नंबर, बदलांच्या तारखा, कारखान्याचा पत्ता, यांच्या नोकरीची वर्षं, खाली यांची सही, सोबत आदेशाची प्रत. तरी तिकडून फोन आला, “आमच्याकडच्या नोंदी बारा वर्षांपासूनच्या. आधीचं काही नाही.”

जावेनं फोन माझ्या हातातून घेतला. “साहेब, ती तुमच्या संगणकातली झाली. गोदामात जुने खोके असतील. आजच्या नावाखाली शोधू नका, कुणी खोक्यांवरचं नाव बदलत बसत नाही. कारखान्याच्या पहिल्या नावाखाली बघा, आरोग्य तपासणी.” मग आवाज उतरवून म्हणाली, “माणसाच्या छातीचा प्रश्न आहे हो.”

चौथ्या दिवशी पाकीट आलं. नऊपैकी सहा फिल्म.

शस्त्रक्रियेच्या तारखेला पाच दिवस उरले होते. डॉक्टरांनी उजेडाच्या काचेवर जुनी फिल्म लावली, शेजारी नवी. पट्टीनं मोजलं, पुन्हा मोजलं. मी पदराखाली देवाचं नाव घेत होते. “वीस वर्षांत केसभरही वाढलेला नाही,” ते म्हणाले आणि तारखेवर काट मारली. यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

आणि पुढचं वाक्य काय? “दप्तरला कळवायला हवं.”

यांचा हात खिशाकडे जायच्या आत मी माझा फोन काढला. निदान बातमी तरी माझ्या तोंडून जावी.

“अगं, डाग जुनाच आहे. कापायचं नाही.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. ही बाई रडते? “ताई,” ती म्हणाली, “बरं झालं. मी कालपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही. म्हटलं, तुमच्या देवाला एकदा विचारून बघावं.”

मी त्या सकाळी दोन पोळ्या खाऊन निघाले होते. माझ्याच देवाकडे, तेही उपाशीपोटी, ही माझ्या आधी जाऊन आली होती.

“थांब तिथेच,” मी म्हटलं. “जेवायला घेऊन येते. आणि मीठ मी घालीन.”