शेजारच्या गाडीतला आवाज

मौनीबाबा मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि त्यालाही मी आवडलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल दोन शब्द बरे निघाले तर ते मनाविरुद्ध निघाले असं समजावं.

आमच्या ऑफिसच्या मागे पत्र्याची शेड होती. तिच्याखाली पाच गाड्या उभ्या असायच्या आणि त्यांचे आम्ही पाच ड्रायव्हर. मी खरेदी खात्याच्या साहेबांचा, तो मोठ्या साहेबांचा. मौनीबाबा हे नाव आम्हीच ठेवलं होतं. बावीस वर्षं नोकरी, चार साहेब पाहिलेले, आणि त्या चौघांच्या गाडीत काय बोलणं झालं हे त्याच्या तोंडून कधी चुकूनही बाहेर आलं नव्हतं. बाकी आम्ही चौघं चहाच्या कपाबरोबर सगळ्या ऑफिसची धुणी धुवायचो. तो लांब उभा राहून काच पुसायचा, फडक्याची चौपदरी घडी घालायचा आणि परत पुसायचा. एकदा मी सहज विचारलं, "आज साहेब लवकर आले वाटतं?" तर म्हणाला, "तुझ्या हातात घड्याळ आहे ना?" असल्या माणसावर प्रेम कोण करणार?

गाड्या जुन्या होत्या. रेडिओ होता, ब्लूटूथचा पत्ता नव्हता. साहेबलोकांना फोनमधली गाणी गाडीत हवीत, फोनही हात न लावता घ्यायचे असतात. म्हणून चौकातल्या ॲक्सेसरीजवाल्याकडून पाचही गाड्यांना एफएम ट्रान्समीटर आणले. हे यंत्र लायटरच्या सॉकेटमध्ये बसतं. फोन त्याला ब्लूटूथने जोडायचा. मग फोनचा आवाज ते एफएमवर हवेत सोडतं, आणि गाडीचा रेडिओ तो पकडून स्पीकरवर ऐकवतो. म्हणजे गाडीपुरतं छोटंसं रेडिओ स्टेशनच. फक्त यंत्र आणि रेडिओ दोन्ही एकाच आकड्यावर लावायचे, आणि त्या आकड्यावर शहरातलं कुठलं स्टेशन नको, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत घुसतात.

दुकानदाराने अठ्ठ्याऐंशी पॉइंट एक हा आकडा रिकामा शोधला. आणि पाचही गाड्यांना तोच लावून दिला. आम्हीही माना डोलावल्या. यंत्राला गाडीचा पत्रा कुठे संपतो ते कळत नाही, हे ना त्याच्या डोक्यात आलं ना आमच्या. एरवी अडचण यायचीही नाही. ज्याचं यंत्र त्याच्या रेडिओच्या सगळ्यात जवळ, म्हणून तेच जोरात पोचायचं आणि शेजारचं दबून जायचं.

त्या दुपारी माझ्या फोनची बॅटरी संपत आली होती. माझ्या यंत्राचं चार्जिंगचं भोक मोडलं होतं, म्हणून यंत्र काढून सॉकेटात साधा चार्जर खुपसला. रेडिओ तसाच चालू राहिला, अठ्ठ्याऐंशी पॉइंट एकवर, नुसता फसफसत. तेवढ्यात मौनीबाबाने मोठ्या साहेबांची गाडी माझ्या शेजारी आणून लावली. साहेब फोनवर होते. ते एसी चालू ठेवून आतच बसले आणि मौनीबाबा त्याच्या सवयीप्रमाणे उतरला, दार लावलं आणि बाजूला निघाला.

माझ्या रेडिओची फसफस थांबली आणि एक माणूस बोलायला लागला. साहेबांचा आवाज नव्हे, पलीकडच्या माणसाचा. कारण रेडिओवर येतो तो समोरच्याचाच आवाज, आपला जातो यंत्रातल्या माइकमधून फोनकडे. तो म्हणाला, "एक तारखेला नदीपलीकडच्या गोदामाला कुलूप. चाळीस जणांना आदल्या दिवशी कळवू. तोवर कुणाला वास लागता कामा नये." मध्ये शांतता. मग, "हो, स्टोअरकीपरसकट."

तो स्टोअरकीपर म्हणजे माझे दाजी.

माझी खिडकी उघडी होती. मौनीबाबा नेमका तिच्यासमोरून चालला होता. तो थांबला, रेडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घाईने आवाज बंद केला, पण उशीर झाला होता. तो पुढे गेला.

संध्याकाळी मी ताईला फोन केला. "दाजींना सांग, दुसरीकडे बघायला लागा. आणि कुणाकडे बोलू नका." आता या दुसऱ्या वाक्याला काय अर्थ होता? मी स्वतःच तर बोललो होतो. ताईने दाजींना सांगितलं, दाजींनी हमालांच्या मुकादमाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चाळीस माणसं साहेबांच्या गाडीसमोर उभी राहिली. कुणीतरी बॉनेटवर थापा मारल्या. मौनीबाबाने काचा वर घेतल्या आणि गाडी जागची हलवली नाही.

साहेब ऑफिसात आले ते लालबुंद होऊन. व्हरांड्यात सगळ्यांदेखत त्यांनी मौनीबाबाला झापलं. "फोन गाडीत आला. रस्ताभर गाडीत दोघंच होतो, मी आणि तुम्ही. मी कुणाला सांगितलं नाही. मग?"

मौनीबाबा म्हणाला, "मी नाही सांगितलं."

"आणि परवा संध्याकाळी अचानक ती वायर कशाला जोडलीत? तोंड उघडून झाल्यावर सारवासारव?"

ही वायर म्हणजे ऑक्स केबल. माझ्या रेडिओवर ते बोलणं ऐकल्यावर त्याच संध्याकाळी मौनीबाबाने ट्रान्समीटर काढून ठेवला होता. साहेबांच्या नव्या फोनला हेडफोनचं भोक नव्हतं, म्हणून चार्जिंगच्या जागी बसणारा एक जोड आणला आणि केबलचं दुसरं टोक गाडीच्या ऑक्स सॉकेटात घातलं. तारेतून गेलेला आवाज तारेतच राहतो, शेजारच्या गाडीत जात नाही. उपाय अगदी बरोबर होता. पण जोडाला चार्जिंगचीही वाट होती, साहेबांनी त्यात लायटर सॉकेटचा चार्जर लावला आणि स्पीकरमधून कीं असा आवाज सुरू झाला. ॲक्सिलरेटर दाबला की तोही चढायचा. साहेब वैतागले, केबल उपटून मागच्या सीटवर फेकली आणि ट्रान्समीटर परत लावायला लावला. केबल का आणली ते मौनीबाबाने सांगितलंच नाही, आणि आता तीच केबल त्याच्या गळ्याशी आली होती.

गाडीची किल्ली काढून घेतली. सोमवारी प्रशासनाच्या मॅडमसमोर चौकशी ठेवली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि जायचं होतं ते फितूर म्हणून. ड्रायव्हरांच्या खोलीत बाकीचे तिघं खुशीत होते. "मौनीबाबा बोलला तर एकदम मोर्चाच काढला," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसलो. मला माझीच किळस आली, पण हसलो.

मी वाट बघत होतो की तो माझं नाव घेईल. मग मी म्हणणार होतो, खोटं आहे, माझ्यावर डूख धरून आहे हा. सगळं पाठ करून ठेवलं होतं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. तो शेडमध्ये दुसऱ्याच गाड्यांच्या काचा पुसत राहिला. माझी कॉलर धरली असती तर मी सुखाने निर्लज्ज झालो असतो. त्या माणसाने मला तेवढीही सोय ठेवली नाही.

सोमवारी चौकशीच्या आधी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. खरं सगळं सांगायला गेलो होतो असं म्हणायला आवडेल, पण गेलो अर्धंच घेऊन. "मॅडम, त्या यंत्राचा आवाज शेजारच्या गाडीत जातो. चला, दाखवतो."

त्या आल्या, साहेब आले, मौनीबाबालाही बोलावलं. मी माझा ट्रान्समीटर काढला, रेडिओ अठ्ठ्याऐंशी पॉइंट एकवर ठेवला आणि मॅडमना माझ्या गाडीत बसवलं. साहेबांना शेजारी त्यांच्या गाडीत बसून यंत्रावरून फोन घ्यायला सांगितलं. रिसेप्शनच्या बाईने त्यांना फोन केला. "हॅलो सर, ऐकू येतंय का?" हे माझ्या स्पीकरमधून स्वच्छ आलं. मग मी माझी गाडी शेडच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथे नुसती फसफस. गाडी परत जागेवर आणली आणि मॅडमनी साहेबांना ऐकलेलं सांगितलं.

साहेबांचं तोंड उतरलं. ते माफी मागतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हे असलं भंगार आणलं कुणी?"

मॅडम मात्र गाडीतून उतरल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला हे कसं कळलं?"

"असंच... मागे एकदा गाणं ऐकू आलं होतं."

त्यांचा विश्वास बसला नाही, शेंबड्या पोराचाही बसला नसता. त्या मौनीबाबाकडे वळल्या. "त्या दुपारी तुमच्या शेजारी कुणाची गाडी होती?"

मी खाली बघत राहिलो. एका शब्दाचं काम होतं. त्या शब्दाने तो धुतल्यासारखा स्वच्छ झाला असता आणि मी दुपारपर्यंत रस्त्यावर आलो असतो.

"आठवत नाही," मौनीबाबा म्हणाला.

"नीट आठवा. शंका तुमच्यावरच राहील."

"राहू दे."

पुराव्याअभावी प्रकरण मिटवलं. किल्ली परत मिळाली, पण साहेब त्याच्याशी आधीसारखे कधी वागले नाहीत. फोन आला की गाडी थांबवायला सांगायचे आणि स्वतः उतरून बोलायचे. बावीस वर्षं तोंड मिटून नोकरी केलेल्या माणसासमोर.

त्या संध्याकाळी मी त्याच्यापाशी गेलो. तो फडक्याची घडी घालत होता. "तुम्ही मला वाचवलंत," मी म्हणालो. नाटक नव्हतं ते.

त्याने वर पाहिलं. इतक्या तिरस्काराने माझ्याकडे कुणी कधी पाहिलं नसेल. "तुला कशाला वाचवू? कानावर पडलं ते यंत्रामुळे पडलं, त्यात तुझा दोष नाही. पण फोन तू लावलास."

"दाजी होते हो माझे."

"असतील. माझाही भाचा आहे त्या गोदामात." त्याने फडकं खिडकीवर टाकलं. "नाव घेतलं असतं तर साहेब म्हणाले तेच खरं झालं असतं. गाडीतलं बाहेर सांगणारा मी. जा आता. परत बोलायला येऊ नकोस."

मी गेलो नाही कुठे. पुढची दोन वर्षं आमच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. भाच्याची नोकरी आदल्या दिवशी कळून गेली असती ती चार दिवस आधी कळून गेली, एवढाच फरक; दाजींचीही गेली. निवृत्तीच्या दिवशी तो बाकी तिघांच्या हातात हात देऊन माझ्यासमोरून निघून गेला, आणि मी कोण आहे हे शेवटपर्यंत त्याने कुणाला कळू दिलं नाही.